घंटागाडी गेल्यावर

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो मी मॅकवरून उडवले आणि वर कचराही रिकामा केला. जागा कमी पडत होती. बॅकअप? नाही. विचारू नका, घरात आठ दिवस तेवढंच विचारतायत.

दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा भला होता. त्याने एकच विचारलं, "एसएसडी आहे ना? मग ट्रिम झालं असणार." बाकावर चार्जरची वायर घ्यायला आलेले एक काका होते. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

"पण मी ऐकलंय, काहीच पुसलं जात नाही म्हणून."

"ते जुन्या फिरत्या डिस्कचं, काका. तिथे फक्त नाव खोडलं जायचं, माल तसाच पडून असायचा. एसएसडीला मॅक लगेच कळवतो की ही जागा मोकळी झाली, तेच ट्रिम. मग तिथे वाचायला गेलं की नुसती शून्यं."

"म्हणजे घंटागाडी कचरा घेऊन गेली," काका माझ्याकडे वळले. "आमच्या सोसायटीत एकीने कवळी टाकली होती. डेपोपर्यंत गेली हो बाई!"

"सापडली का?"

"नाही. पण गेली तर खरी!"

म्हणजे मी गेलोसुद्धा नव्हतो. चार हजारांची वायर नाही, दीडशेची घ्यायला आलेला माणूस मला कर्तव्य शिकवत होता.

काय करणार, रिकव्हरीचं एक सॉफ्टवेअर उतरवून आधीच चालवलं होतं. स्कॅन फुकट. फायलींची यादीही दिसली, अगदी नावानिशी! 'वाचवा' दाबलं की पैसे. पैसे भरले आणि फोटोंच्या जागी करडे चौकोन मिळाले. आधी प्रिव्ह्यू उघडून बघायचा असतो, तो उघडला नाही तर आत काही नाही, हे मुलाने आत्ता सांगितलं. या कंपन्यांना ते आधी सांगता येत नाही का? येतं. धंद्याचं नुकसान होतं.

"चिप काढून वाचता येईल?" मी शेवटचा हात मारला.

"नवीन मॅकमध्ये ती बोर्डालाच जोडलेली, वर सगळं एन्क्रिप्टेड. कॅमेऱ्याचं कार्ड कुठंय?"

कार्ड! मी ते फॉरमॅट करून मेव्हण्याला दिलं होतं. कॅमेरा फॉरमॅट करताना सहसा फक्त यादी पुसतो, फोटो तसेच राहतात. नवीन फोटो वरून येईपर्यंत. मेव्हण्याने त्याच्या मांजराचे साठ फोटो काढले होते.

मुलाने कार्डावर फोटोरेक नावाचं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं आणि सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. f0482304.jpg असली नावं, पण फोटो खरे. मांजर कार्डाच्या सुरुवातीला बसलं होतं, म्हणून सुरुवातीचं औक्षण गेलं. पूजा गेली. वाचल्या त्या जेवणाच्या पंगती, एकशे चौदा फोटो, बहुतेकांत दिनूमामा श्रीखंड वाढून घेताना.

काका पडद्यावर वाकले.

"श्रीखंड घरचं का?"