फॅन मोठा केला म्हणून पाणी किती गार होणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

कंडेन्सरचं गरम पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरबद्दल मी एक लेख लिहिला होता. टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्बखाली, म्हणजे ओली चिंधी गुंडाळलेलं थर्मामीटर दाखवतं त्या तापमानाखाली जात नाही, म्हणून ते मेपेक्षा ऑगस्टमध्ये जास्त गरम मिळतं, असं त्यात होतं. त्यावर प्रतिक्रिया अशी आली:

«लेख वाचला. जड जड शब्द वापरून लोकांना घाबरवणं बरं जमतं तुम्हाला. आमचं कोल्ड स्टोरेज आहे, पोरखेळ नाही. टॉवरला मोठा फॅन लावला की पाणी पाहिजे तितकं गार होते, घरच्या कूलरसारखंच. वेट बल्ब ही टॉवर विकणाऱ्यांची पुस्तकी सबब आहे. मेमध्ये पाणी २९ डिग्री आणि ऑगस्टमध्ये ३२, हे तर शाळेतल्या पोराले पण पटणार नाही. एक फोटोही टाकला नाही लेखात.»

भाऊ,

आधी तुमच्या सुराबद्दल. कोल्ड स्टोरेज तुमचं आहे, पैसा तुमचा अडकला आहे, म्हणून तुम्ही चिडून लिहिलं असेल तर समजू शकतो. पण ‘घाबरवणं’ आणि ‘पोरखेळ’ हे शब्द कायले? मी टॉवर विकत नाही. माझं कुठलं दुकान नाही की एजन्सी नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, अमोनियाचा वास नाकात घेतच काम शिकलो, पुढे सूतगिरणीच्या ह्युमिडिफिकेशन प्लँटवर गेलो. तिथे दर तासाला ड्राय बल्ब आणि वेट बल्बचं रीडिंग वहीत भरावं लागायचं, कारण खात्यातली आर्द्रता घसरली की धागा तुटायचा आणि शिफ्टचा फोरमन आमच्या नावाने ओरडायचा. ज्याला तुम्ही पुस्तकी म्हणता ते माझ्या हातात ओल्या वातीचं थर्मामीटर होतं. असो.

एक गोष्ट तुमची मान्य. टॉवर विकणारे वेट बल्बची ढाल पुढे करतात, हे खरं आहे. मीही पाहिलं आहे. टॉवर लहान द्यायचा, आत पाणी पसरवणाऱ्या फिल्स हलक्या टाकायच्या आणि गिऱ्हाईक बोंबललं की ‘साहेब, हवेतच दमटपणा आहे’ म्हणून हात वर करायचे. पण सबब खोटी सांगणारे असतात म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही.

आता फॅनबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेत बोलण्यासारखं एवढंच वाक्य आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

टॉवरमध्ये पाणी गार होतं ते वाऱ्याच्या गारव्याने नाही. फिल्सवरून पातळ होऊन उतरणाऱ्या पाण्यातलं थोडंसं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना लागणारी उष्णता मागे राहिलेल्या पाण्यातून ओढून नेतं. शंभर लिटरमधलं एक लिटर उडालं की बाकीचं पाणी साधारण पावणेसहा डिग्रीने उतरतं. हे तुम्हालाही माहीत असणार, नाहीतर उडालेल्या पाण्याच्या जागी भरायच्या मेकअपच्या पाण्याचा हिशोब तुम्ही ठेवलाच नसता.

पण त्याच वेळी उलटा व्यवहारही चालू असतो, आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. पाणी जसजसं हवेपेक्षा थंड होत जातं, तसतशी हवाच पाण्याला उष्णता द्यायला लागते. एका बाजूने वाफ उष्णता नेते, दुसऱ्या बाजूने कोरडी गरम हवा ती परत देते. पाणी उतरत उतरत अशा एका तापमानाला येतं की जेवढं जातं तेवढंच येतं. तिथे उतरणं थांबतं. ते तापमान म्हणजेच वेट बल्ब. आता तुम्ही फॅन वाढवला तर काय होईल? वाफ जास्त उडेल, बरोबर. पण गरम हवाही तितक्याच जोमाने पाण्याला भिडेल. दोन्ही बाजू सोबतच वाढतात, म्हणून थांबायची जागा हलत नाही. पाणी तिच्या जवळ जरा लवकर पोहोचतं, इतकंच.

पटत नसेल तर घरीच करून पाहा. दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या बल्बला मलमलीची चिंधी गुंडाळा, तिचं दुसरं टोक वाटीतल्या स्वच्छ पाण्यात सोडा, आणि दोन्ही थर्मामीटर टेबल फॅनसमोर धरा. फॅन एक नंबरवर ठेवा. ओल्या थर्मामीटरचा पारा भराभर खाली येईल, मग हळू होईल, मग एका रेघेवर थांबेल. आता फॅन तीनवर करा. पारा तिथेच राहील. आम्ही सूतगिरणीत हायग्रोमीटर गरगर फिरवायचो, नवीन पोरगं जोर लावून फिरवायचं, त्याचं आणि आमचं रीडिंग एकच. एक काळजी मात्र घ्या. चिंधी वाळू देऊ नका. ती वाळली की पारा वर चढतो आणि माणूस म्हणतो, पाहा, वेट बल्ब खोटा.

आता शाळेतल्या पोराची गोष्ट. मेमध्ये आपल्याकडे दुपारी ४५ डिग्री असतं आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. अशा हवेचा वेट बल्ब निघतो २४. ऑगस्टमध्ये झड लागली की हवा ३१ डिग्री, आर्द्रता ८० टक्के, आणि वेट बल्ब २८. म्हणजे माणसाला ऑगस्ट गार वाटतो, टॉवरला मे. टॉवरमधून येणारं पाणी वेट बल्बच्या वर चार-पाच डिग्रीवर थांबतं, या फरकाला अप्रोच म्हणतात. मेमध्ये २४ अधिक ५ म्हणजे २९. ऑगस्टमध्ये २८ अधिक ४ म्हणजे ३२. (वेट बल्ब जितका खाली तितका अप्रोच किंचित वाढतो, म्हणून मेमध्ये पाच धरला. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर त्यावर पुन्हा एक प्रतिक्रिया येईल.) एकदा मेच्या दुपारी तुमच्या टॉवरच्या शिडीवर चढा आणि फॅनमधून वर येणाऱ्या हवेत हात धरा. ती बाहेरच्या हवेपेक्षा गार आणि दमट लागेल. हवा स्वतःची उष्णता पाण्याला देऊन आली आहे आणि तरी पाणी गार झालं आहे.

घरच्या कूलरचं उदाहरण तर तुम्ही माझ्याच बाजूने दिलं, राजेहो. मेमध्ये खोली कशी गार करतो तो! मग पहिल्या पावसानंतर त्याचा फॅन कितीही वाढवा, अंग चिकचिक करतं आणि जुलैत आपण त्याला माळ्यावर टाकतो. फॅन तोच, पंप तोच, वाळा तोच. बदललं काय?

तरीही फॅन वाढवून पाहिलेलं एक उदाहरण सांगतो, कारण तुम्हाला अनुभव लागतो. आमच्या त्या बर्फाच्या कारखान्यात श्रावणात कंडेन्सरकडून पाणी ३७ डिग्रीने टॉवरला यायचं आणि ३२ डिग्रीने परत जायचं. अमोनियाचं हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडतानाचा दाब, २०० पौंडांच्या आसपास. तितक्याच लोडवर मेमध्ये ते १८०-१८५ असायचं. मालकाला वाटलं टॉवर बिघडला. त्यांनी ५ हॉर्सपॉवरची मोटार काढून साडेसातची लावली, पुलीही बदलली. तुमच्यासारखाच त्यांचाही विश्वास होता. पण फॅनची पॉवर हवेच्या घनाने वाढते. पॉवर दीडपट केली तरी हवा जेमतेम १४-१५ टक्के वाढली. पाणी उतरलं अर्धी डिग्री, हेड प्रेशर उतरलं दोन-तीन पौंड, आणि मीटर तेवढा जोरात फिरायला लागला. वेट बल्ब २८ होता, पाणी ३२ वर होतं. एकूण खेळच चार डिग्रीचा, त्यातली शेवटची पावणेतीन डिग्री कुठलाही टॉवरवाला लेखी द्यायला तयार नसतो. साधारण २.८ डिग्रीच्या आतला अप्रोच कोणी गॅरंटीत लिहीत नाही, कारण तिथून पुढे थोड्याशा गारव्यासाठी टॉवर फार मोठा बांधावा लागतो. कोराडीच्या वीज केंद्राचे ते आभाळाला टेकलेले टॉवरसुद्धा ही हद्द ओलांडत नाहीत.

मग फॅन वाढवून कोणालाच फायदा होत नाही का? होतो. मुळात हवा उपाशी असलेल्या टॉवरला होतो, म्हणजे पाती चुकीच्या कोनात बसली आहेत, बेल्ट घसरतो आहे, किंवा जाळीत कचरा अडकला आहे. तुमचा फॅन बदलल्यावर पाणी खरंच चार-पाच डिग्रीने उतरलं असेल, तर जुना फॅन हवाच देत नव्हता. ती हद्द ओलांडली नाही तुम्ही, हद्दीपासून लांब होतात ते जवळ आलात.

हे ओळखायचं कसं, ते शिव्या देण्याआधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. टॉवरच्या हवा आत जाते त्या बाजूला, सावलीत, ओल्या चिंधीचं थर्मामीटर धरा आणि त्याच वेळी खालच्या टाकीतल्या पाण्याचं तापमान घ्या. फरक चारच्या आसपास असेल तर टॉवर त्याचं काम करतो आहे, त्याला सोडा. फरक आठ-नऊ असेल तर दोष टॉवरमध्ये आहे. वर चढून नोझल पाहा, एखाद्या बाजूला पाणी पडतच नसेल. फिल्समध्ये बोट घाला. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने त्यांच्यावर पांढरा खडक जमतो आणि हवेची वाट बंद होते. मग तेच थर्मामीटर घेऊन वारा जिकडून येतो त्या बाजूला टॉवरपासून वीस-तीस पावलं दूर जा आणि पुन्हा रीडिंग घ्या. तिथला वेट बल्ब टॉवरजवळच्यापेक्षा दीड-दोन डिग्रीने कमी आला, तर टॉवर स्वतःचीच सोडलेली दमट हवा परत ओढतो आहे. शेड आणि भिंतीच्या मधे दाटीवाटीने टॉवर बसवला की हे हमखास होतं. तिथे मोठा फॅन काही करत नाही, भिंत पाडावी लागते किंवा टॉवर उचलावा लागतो.

फोटोबद्दल काय बोलू. फोटो पाहून पाणी गार होत असतं तर मी अल्बम टाकला असता.

तुमच्या टॉवरची ही तीन रीडिंग घ्या: टॉवरजवळचा वेट बल्ब, दूरचा वेट बल्ब आणि टाकीतलं पाणी. दुपारी घ्या, कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर असताना, आणि चिंधी ओली ठेवून. इथेच खाली टाका, मी बघून सांगतो. आकडे न टाकता पुन्हा ‘पुस्तकी’ लिहिणार असाल, तर त्याला उत्तर देणार नाही.