‘पोर्क पाय’ म्हणजे डुकराचा पाय का? आणि लोहाराला पिपनं अरे-तुरे करावं का?

गेले आठ महिने मी डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा मराठी अनुवाद करतेय. वाचक डोळ्यांसमोर ठेवलेत ते आठवी-नववीतले, म्हणून दर रविवारी सकाळी ठाण्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सहा-सात मुलं जमतात आणि मी त्यांना कच्चा मसुदा वाचून दाखवते. काही मुलं ऐरोलीहून येतात. एक जण कळव्याचा आहे.

दुसऱ्याच रविवारी मी अडले. सात वर्षांचा पिप नाताळच्या आदल्या रात्री घरातलं खाणं चोरायचं ठरवतो आणि पहाटे ते पळून आलेल्या कैद्याला नेऊन देतो. त्यात एक ‘पोर्क पाय’ असतो. मी तो शब्द जसाच्या तसा ठेवला होता. मुलांनी कागद हातात घेतला आणि एक मुलगी म्हणाली, “मावशी, त्याने डुकराचा पाय चोरला?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. घरी पाया सूप होतं, मग इंग्लंडात डुकराचा पाय का नसेल? या मुलांना पाय हा पदार्थ इंग्रजीत ऐकून माहीत आहे. पण देवनागरीत लिहिला की तो पाऊलच होतो.

असाच घोटाळा पिपच्या लोहार मेव्हण्याच्या नावाचा झाला. ‘जो म्हणाला’ असं लिहिलं की मराठी डोळा पुढे ‘तो’ शोधायला लागतो. म्हणून आता तो ‘ज्यो’ आहे. परकं ते परकंच ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं, की परका शब्द आपल्या लिपीत आला की तो रिकामा येत नाही. इथे आधीच कुणीतरी त्या जागेवर बसलेलं असतं.

माझ्या एका संपादक मित्राचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं. “करंजी कर ना! नाताळऐवजी दिवाळी कर, मुलांना पटकन कळेल.” आपल्याकडे ही वाट जुनी आहे. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’मध्ये हॅम्लेटचा चंद्रसेन केला, देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. त्या काळच्या रंगभूमीला ते हवं होतं. पण माझ्या समोरच्या मुलांनी लंडन पडद्यावर हजार वेळा पाहिलंय. त्यांना पिपच्या हातात करंजी दिली तर ती मला फसवी म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. कारण त्या घरात नाताळच्या जेवणाला पाहुणे येणार आहेत, तो पाय त्यांच्यासाठी राखून ठेवलाय, आणि तो आणायला ताई उठते तेव्हा पिपला पळून जावंसं वाटतं. ती सगळी भीती नाताळच्या त्या टेबलाशी बांधलेली आहे.

म्हणून मी आता पहिल्या उल्लेखाला असं लिहिलंय: ‘जाड पारीत डुकराच्या मांसाचं सारण गच्च भरून भाजलेला, गोल, घट्ट पोर्क-पाय’. पारी आणि सारण हे शब्द मोदक-करंजीच्या ओट्यावरचे. मुलांना पदार्थाची रचना हातात आल्यासारखी कळते, तरी पदार्थ इंग्लंडातच राहतो. पुढच्या वेळी नुसता ‘पोर्क-पाय’, जोडरेघेसकट. परत कुणी विचारलं नाही.

त्याच चोरीत एक ‘मिन्समीट’ आहे. पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘खिमा’ लिहून टाकलं होतं. पिप तो अर्धी बरणी नेतो, हे वाचताना मला खटकलं. बरणीत खिमा कोण ठेवतं? मग शोधलं. नाताळच्या छोट्या पायांमध्ये भरायचं ते सारण असतं: मनुका-बेदाणे, मसाले आणि गुरांची चरबी घालून मुरवलेलं. त्यात जुन्या काळी मांसही घालत, म्हणून ते नाव. आता तिथे ‘नाताळचं मुरवलेलं गोड सारण, अर्धी बरणी’ आहे. अनुवाद चुकला की नाही हे ओळखायला माझ्याकडे तेव्हापासून ही एक खूण आहे: वस्तू कशात ठेवलीय आणि माणूस ती कशी खातोय ते पाहायचं. शब्दकोश फसवेल, बरणी फसवत नाही.

तर माझं मत हळूहळू असं बनत गेलं. पिपच्या डोळ्यांना जे दिसतं आणि हाताला जे लागतं, ते इंग्लंडातलंच राहू दे. शिलिंग, गिनी, चर्च, टोपी, पाय, सगळं. त्याचे रुपये करू नका. पण पिपच्या कानावर जे पडतं, कोण कुणाशी कसं बोलतंय, ते मात्र पूर्ण मराठी झालं पाहिजे, नाहीतर कादंबरी मुलांपर्यंत पोचतच नाही.

दिसणाऱ्या गोष्टींतही एक अपवाद मी मनापासून केला. पिपचं गाव केंटमधल्या ज्या पाणथळ भागात आहे, त्याला कोशात ‘दलदल’ मिळते. दलदल म्हटलं की मुलांना माणूस गिळणारा चिखल दिसतो. मूळ वर्णनात बांध आहेत, फाटकं आहेत, चरणारी गुरं आहेत, पलीकडे नदी आणि समुद्रावरून येणारा वारा. हे तर खाजण आहे! ऐरोलीच्या मुलाला मी हा शब्द वाचून दाखवला तेव्हा त्याने खिडकीकडे, खाडीच्या दिशेला हात केला. शेवटाकडे पिपचा वैरी ऑर्लिक त्याला ज्या स्लुइसजवळच्या ओसाड घरात गाठतो, तिथे मी ‘उघाडीजवळचं घर’ लिहिणार आहे. भरतीचं पाणी अडवायची आणि ओहोटीला सोडायची ती झडप, तिला खारजमिनीत उघाडीच म्हणतात. इथे मराठी शब्द इंग्लंडला मराठी करत नाही, उलट ते जास्त नेमकं दाखवतो.

आता कानाचं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत पहिल्याच संवादाला ठरवावं लागतं, तू की तुम्ही. ज्यो हा पिपच्या ताईचा नवरा, ताई पिपहून वीसेक वर्षांनी मोठी. आपल्याकडे सात वर्षांचं पोर त्याला दाजी म्हणेल, भावोजी म्हणेल, अहो-जाहो करेल. मुलांनीही हेच म्हटलं, “असं अरे-तुरे बरं वाटत नाही.” पण पिप स्वतः सांगतो, की मी ज्योला मोठ्या आकाराचं लहान मूल समजायचो, माझ्या बरोबरीचा. मी ‘दाजी, तुम्ही’ लिहिलं की ती बरोबरी संपली. म्हणून मी ‘ज्यो, तू’ ठेवलं आणि ताईच्या धाकात दोघं एकमेकांना कसा धीर देतात ते येईपर्यंत मुलांना थांबायला सांगितलं. दोन प्रकरणांत त्यांची तक्रार गेली.

या निर्णयाचं फळ सत्ताविसाव्या प्रकरणात मिळालं. पिप आता लंडनमध्ये पैसेवाला तरुण आहे आणि ज्यो त्याला भेटायला येतो. हातातली टोपी कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही. ती सारखी पडते. आणि तो पिपला ‘सर’ म्हणायला लागतो. मूळ इंग्रजीत बदलतो तो एवढा एक शब्द. मराठीत अख्खं वाक्य बदलतं: “तुम्ही बरे दिसताय, साहेब.” पिप चिडून म्हणतो, “ज्यो, मला साहेब काय म्हणतोस?” हे वाचताना माझ्या लक्षात आलं, की पिपचा ‘तू’ बदललेला नाही, तरी तो आता तोच ‘तू’ राहिलेला नाही. लहानपणी तो बरोबरीचा होता. आता समोरून ‘तुम्ही’ आल्यावर तो मालकाने नोकराला केलेला ‘तू’ झाला. मी एक अक्षर बदललं नव्हतं. आणि निघताना ज्यो परत ‘पिप, गड्या, तू’वर येतो तेव्हा कळव्याचा मुलगा हळूच म्हणाला, “आता तो पुन्हा ज्यो झाला.”

बोलीचा प्रश्न याहून अवघड. ज्यो शिकलेला नाही, त्याची इंग्रजी मोडकी आहे. मला सुचवलं गेलं की त्याला आगरी बोली द्यावी, इथली आहे, गोड आहे. मी दिली नाही. आगरी बोलला की तो ठाण्या-बेलापूरचा होतो, आणि टोपी पडल्यावर जे हसू येतं ते एका खऱ्या समाजाच्या भाषेवर पडतं. मी फक्त एकच खूण घेतली, जी कुठल्या एका गावाची नाही: ण चा न. ती मला श्रीमंत घरात वाढलेल्या एस्टेलाने दिली. मूळ प्रसंगात ती पत्ते खेळताना पिपला हिणवते, की हा मुलगा ‘नेव्ह’ला ‘जॅक’ म्हणतो. तेव्हाच्या वरच्या थरातले लोक त्या पत्त्याला नेव्ह म्हणत. मराठीत गुलामाला सगळेच गुलाम म्हणतात, तिथे टोमणा मरतो. तळटीप दिली तर मुलं ती ओलांडून जातात. दोन आठवडे मी पत्ते मांडून बसले होते, मग पुढचा पत्ता पाहिला. आता एस्टेला म्हणते, “राणीला हा ‘रानी’ म्हणतो!”

वाचल्यावर खोलीत कुणी हसलं नाही. एका मुलीने नंतर मला सांगितलं, की शाळेत तिला ‘पानी’वरून चिडवतात. पिपला त्या दिवशी स्वतःचे हात खरखरीत आणि बूट जाडेभरडे पहिल्यांदा का वाटले, हे तिला मला समजावून सांगावं लागलं नाही.

पण कान मराठी केल्यावर एक गोष्ट न बोलावता आत येते, जात. निरोप घेताना ज्यो म्हणतो की आयुष्य म्हणजे एकमेकांना सांधलेल्या ताटातुटी, कुणी ब्लॅकस्मिथ, कुणी व्हाइटस्मिथ, कुणी गोल्डस्मिथ, कुणी कॉपरस्मिथ. मी सहज लिहून गेले: लोहार, कल्हईवाला, सोनार, तांबट. वाचताना एका मुलाने विचारलं, “म्हणजे ज्यो जातीबद्दल बोलतोय?” तो वर्गाबद्दल बोलतोय, धंद्याबद्दल बोलतोय. पिपनेही शिकाऊ म्हणून करार केला होता आणि पैसे येताच तो त्यातून सुटला. आपल्याकडची आडनावं अशी सुटत नाहीत. ते वाक्य मी मोडलं. आता ज्यो म्हणतो, “कुणी लोखंड घडवतो, कुणी कथील, कुणी सोनं, कुणी तांबं.” लय थोडी गेली, ते मला दिसतंय. पहिलं वाक्य कानाला जास्त चांगलं होतं.

ज्योच्या स्वतःच्या धंद्यासाठी मात्र ‘लोहार’ शब्द पुस्तकभर आहे, त्याला माझ्याकडे पर्याय नाही. ‘घडई करणारा’ लिहून पाहिलं, ते खोटं वाटलं. कुणी असं काही पूर्वी सोडवलं असेल, वाचलं असेल, तर खाली लिहा. रविवारी सत्ताविसावं प्रकरण दुसऱ्यांदा वाचणार आहोत.