लघवीसाठी घातलेली नळी तुंबल्यावर सिरिंज का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "मॅडम, लेख वाचला. नळी तुंबली की सिरिंजने पाणी मारून मोकळी करायची, एवढी साधी गोष्ट असताना तुम्ही लोकांना रात्री-अपरात्री दवाखान्यात पळवता. लघवी गढूळ झाली, वास आला तरी औषध नको आणि नळीची जागा जंतुनाशकाऐवजी नुसत्या साबणाने धुवा, हेही अजबच. तुम्ही डॉक्टर नाही. लोकांना घाबरवायचा हा धंदा बंद करा."

उत्तर :

आपण वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल आभार. मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करता करता जे शिकले ते विनामूल्य लिहून ठेवणाऱ्या व्यक्तीला 'धंदा' हा शब्द लावताना थोडा विचार व्हायला हवा होता. मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले आहे. आपणही आहात असे प्रतिक्रियेवरून वाटत नाही, तेव्हा त्या बाबतीत आपली बरोबरी झाली असे समजू या.

एक गोष्ट मी मान्य करते. सिरिंजने मूत्राशय धुण्याची क्रिया अस्तित्वातच नाही असा समज माझ्या लेखामुळे झाला असल्यास तो बरोबर नाही. मूत्राशयाच्या काही शस्त्रक्रियांनंतर आत चिकट स्राव साठतो आणि अशा रुग्णांच्या घरच्यांना परिचारिका ती क्रिया हातात धरून शिकवतात. तेथे निर्जंतुक सलाइन, किती घालायचे त्याचे ठरलेले प्रमाण आणि परत किती आले ते मोजणे हे सगळे येते. आपण जे सुचवत आहात ते म्हणजे घरात सापडेल ती सिरिंज, नळाचे पाणी आणि अंगठ्याचा जोर. या दोन गोष्टी एक नव्हेत.

माझ्या सासऱ्यांना कायमस्वरूपी कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर काढणारी नळी, होता आणि त्यांचे सारे काही वर्षानुवर्षे मीच केले. एका रात्री जेवणानंतर रिकामी केलेली लघवीची पिशवी झोपायच्या वेळी तशीच कोरडी होती, ते सारखे ओटीपोटावर हात नेत होते आणि खालची चादर मात्र ओली झाली होती. पिशवीत काही नाही आणि नळीच्या बाजूने लघवी झिरपते, याचा अर्थ बहुधा लघवी तयार होत आहे पण तिला नळीतून वाट मिळत नाही. (मूत्राशय आखडून घेत असले तरी असे झिरपते; पण तेव्हा पिशवीतही थोडीबहुत लघवी येत राहते.)

अशा वेळी बाहेरून आत तपासत जायचे. नळी मांडीखाली दबली आहे का, कुठे पिळली किंवा मुडपली आहे का, पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली आहे का आणि जमिनीला न टेकता लटकते आहे का, ती काठोकाठ भरून वर दाब तर देत नाही ना, हे सगळे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. कुशीवर वळवूनही कधी कधी लघवी वाहू लागते. पोट साफ होऊन किती दिवस झाले हेही आठवावे, कारण गुदाशयात साठलेला कडक मळ नळीवर बाहेरून दाब देतो. आमच्याकडे यातले काहीही नव्हते. मग मी परिचारिकेला बोलावले आणि तिने नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्यातले पाणी सिरिंजने काढून नळी बदलली. नवी नळी आत जाताच पिशवी भराभर भरू लागली आणि सासऱ्यांच्या कपाळावरची आठी गेली.

जुन्या नळीचे टोक तिने माझ्यासमोर धरले. हातमोजा घालून ते दोन बोटांत चोळले तेव्हा बारीक रेतीसारखे खरखरीत लागले आणि टोकाजवळची छिद्रे पांढुरक्या थराने जवळजवळ बुजलेली होती. प्रोटियससारखे काही जंतू लघवीतल्या युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि एरवी विरघळून राहणारे मॅग्नेशियम व कॅल्शियमचे फॉस्फेट स्फटिक होऊन नळीवर बसतात. जंतूंच्या चिकट थरात अडकलेले हे स्फटिक पाण्याच्या एका झोताने निघत नाहीत.

आता आपला उपाय येथे लावून पाहू. मूत्राशय आधीच तुडुंब भरलेले आहे. जोर लावल्यावर पाणी अर्धवट बुजलेल्या छिद्रातून आत शिरेलही, पण बाहेर येताना पुन्हा तोच थर आडवा येईल. म्हणजे भरलेल्या मूत्राशयात आणखी भर घातली. त्या दाबाने जंतूंनी भरलेली लघवी मूत्रपिंडांकडे किंवा रक्तात जाण्याचा धोका असतो. शिवाय नळी आणि पिशवी यांचा जोड उघडल्याने बाहेरच्या जंतूंना आयती वाट मिळते. 'आमच्याकडे असेच करतात' एवढ्या आधारावर हे दुसऱ्याच्या वडिलांना करायला सांगणे मला तरी जमणार नाही. दोन-तीन तास पिशवीत थेंब नाही, ओटीपोट फुगून दुखते आहे आणि वर सांगितलेली तपासणी करूनही लघवी वाहत नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही, यावर मी ठाम आहे. याला आपण पळवणे म्हणत असाल तर म्हणा.

पुढच्या खेपेला अशी रात्र येऊ नये म्हणून करण्यासारखे काम अगदी कंटाळवाणे आहे. नळी घातल्याची आणि तुंबल्याची तारीख वहीत लिहायची. सिलिकॉनची नळी जास्तीत जास्त 12 आठवडे ठेवतात, पण तो आकडा सर्वांना लागू पडत नाही. सासऱ्यांची नळी पाचव्या आठवड्याच्या सुमारास बुजते असे वहीवरून दिसले, तेव्हा ती चौथ्या आठवड्यातच बदलायची असे ठरले आणि प्रश्न बराचसा मिटला. वारंवार बुजत असेल तर मूत्राशयात खडा आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पदार्थ पोटात जाऊ द्यावेत.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्याची गरज वाटत नाही. जंतुनाशकाने तेथील नाजूक त्वचेची आग होते आणि संसर्ग टळत नाही. रोज साबण-पाण्याने, नळी मुळाशी हलकेच धरून, शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसावे. पुरुषांमध्ये मागे सारलेली कातडी नंतर पुढे आणायला विसरू नये, नाहीतर ती सुजून अडकते.

गढूळ लघवीविषयी आपण माझे अर्धेच वाक्य उचलले आहे. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात आणि गढूळपणा त्या स्फटिकांचाही असू शकतो. अँटिबायोटिकने तो थर विरघळत नाही, उलट पुढे खरी गरज पडेल तेव्हा औषधाला न जुमानणारे जंतू मात्र मागे उरतात. 'औषध नको' असे मी सरसकट कुठेही लिहिलेले नाही. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर जाणे, हुडहुडी भरणे, कंबरेच्या वर बाजूला किंवा ओटीपोटात दुखणे, लघवीत नव्याने रक्त दिसणे, कालपर्यंत नीट बोलणारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, असे त्याच परिच्छेदात आहे. तपासणीसाठी लघवीचा नमुना पिशवीतून कधीही घेऊ नये. नळी जुनी असेल तर ती बदलून, नव्या नळीतून आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी तो घेण्याचा आग्रह धरावा.