'र'वर काय आहे?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीने यंदा मराठी भाषा गौरव दिनाला खेळ ठेवला: एकाच स्वराचा, जमेल तितका लांब शब्द द्या. मी 'आ' घेतला आणि 'कारखाना'वर प्रत्यय चढवत गेलो. कारखान्यात, कारखान्यातल्या, कारखान्यातल्यासारखा. नऊ अक्षरं! म्हणून बघा, तोंड आ वासलेलंच राहतं.

परीक्षक तिसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि 'का'च्या पुढच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"या र वर काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजेच अ. बाद."

"अहो काका, बोलताना तो अ येतो कुठे? आपण कार्खाना म्हणतो."

"मग र चा पाय मोडून लिहा."

"तसं कोण लिहितं?"

"तेच म्हणतोय मी!" असं म्हणून त्यांनी पुढचा त आणि 'सारखा'मधला र, दोघांनाही लाल पेनने गोल केले. वर ऐकवलं, "आमच्या कार्खान्यात असला ढिसाळपणा चालत नसे." काका वागळे इस्टेटमधून निवृत्त झालेले. आता कार्खाना कोण म्हणालं, हे मी विचारलं. "बोलणं वेगळं, नियम वेगळा," म्हणाले.

बरं, हा नियम आधी सांगायचा ना! मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण सर्रास गिळतो, मधलेही बरेच गिळतो. लिहिलेलं धरायचं तर सातबारा बाद, बाजारभाव बाद, चुळबुळसुद्धा बाद. फावतं फक्त अ वाल्यांचं. त्यांचा गिळलेला अ पण अ च! म्हणून बी विंगच्या काकू 'अदलबदल' देऊन सहा अक्षरांत पहिल्या. त्यातले दोन्ही ल त्यांनीही गिळलेच होते, पण पकडणार कोण? कोणीतरी सात अक्षरी 'अहमदनगर' दिलं, ते विशेषनाम म्हणून गेलं. तसंही 2024 मध्ये त्याचं अहिल्यानगर झालं, म्हणजे एका फटक्यात इ आणि आ दोन्ही आत.

मीही हट्टाला पेटलो. वाचायला आ, ऐकायला आ, अक्षरागणिक काना असा शब्द पाहिजे. तिथे 'सारखा' उपयोगाचा नाही, 'तल्या' नाही. आकारान्त सामान्यरूप घेऊन त्याला 'ला', 'चा', 'च्या' असंच काहीतरी लावता येतं. कारागाराला. शाकाहाराला. पाचच अक्षरं, पण बावनकशी. निदान दुसरा नंबर कुठे गेला नाही, म्हणून चिठ्ठी पुढे केली.

काकांनी ती उलटसुलट पाहिली.

"याला विभक्ती लागलीय. मूळ शब्द द्या."

"विभक्ती चालणार नाही हे कधी ठरलं?"

"आत्ता."

मूळ शब्द शाकाहार. शेवटी र. काकांचं पेन उघडंच होतं.