होल्डिंगमधली सरासरी म्हणजे खरेदी किंमत नव्हे

"अल्गो चालवणाऱ्यांनी टॅक्ससाठी उगाच डोकेफोड करू नये. प्रत्येक फिल लिहून ठेवायची काही गरज नाही. होल्डिंगमध्ये दिसते ती सरासरी हीच तुमची खरेदी किंमत. एसटीटीसकट सगळे चार्जेस वजा करा. बाकी ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल आणि एआयएस वर्षाअखेरीस सगळं आयतं देतात."

ट्रेडिंगच्या व्हॉट्सॲप गटांतून हा मजकूर फिरतोय. मी सोडूनही दिलं असतं, पण माझ्या मावसभावाने तो वाचून शेअर आपोआप घेणाऱ्या-विकणाऱ्या स्वतःच्या स्क्रिप्टमधला फिल, म्हणजे ऑर्डरपैकी प्रत्यक्ष झालेला एकेक सौदा, नोंदवणारा भाग काढून टाकला आणि "लॉग कसा सुटसुटीत झाला बघ" म्हणून मला फाइल पाठवली. दर शेअरमागे एक ओळ: नाव, नग, सरासरी. तारीखच नाही! या फाइलवरून कुठलाही सीए रिटर्न भरू शकणार नाही. म्हणून हे लिहितो आहे, आणि जरा चिडूनच लिहितो आहे.

यातला सगळ्यात घातक भाग सरासरीचा आहे, म्हणून आधी तो. डीमॅटमधल्या शेअर्सची खरेदी किंमत आणि धारणकाळ कसा काढायचा, हे आपल्या मर्जीवर सोडलेलंच नाही. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या व्यवहारांना लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४५(२अ) सांगतं की दोन्ही गोष्टी 'आधी आलेले आधी गेले' या पद्धतीनेच, म्हणजे फिफोनेच, ठरतील. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, म्हणजे सीबीडीटीने, २४ जून १९९८ च्या परिपत्रक क्र. ७६८ मध्ये त्याचा आणखी खुलासा केला: एकाच माणसाची अनेक डीमॅट खाती असतील तर फिफो प्रत्येक खात्यापुरता वेगळा लावायचा. इतकी जुनी आणि स्पष्ट गोष्ट आहे ही. ब्रोकरच्या पडद्यावरची सरासरी तुम्हाला आपण वर आहोत की खाली हे कळावं म्हणून असते. कराशी तिचा संबंध नाही.

आकड्यांत बघू. स्क्रिप्टने १० एप्रिल २०२४ ला एका कंपनीचे १०० शेअर घेतले. ऑर्डर एकच, फिल दोन: ६० शेअर ४०० रुपयांना आणि ४० शेअर ४००.५० ला. एकूण ४०,०२० रुपये. पुढे १२ फेब्रुवारी २०२५ ला आणखी १०० घेतले, ५२० ने, म्हणजे ५२,०००. मग २० मे २०२५ ला १२० शेअर ५६० ने विकले आणि ६७,२०० रुपये आले. चार्जेस सध्या बाजूला ठेवू.

होल्डिंगमधली सरासरी ४६०.१०. त्या हिशेबाने १२० शेअर्सची किंमत ५५,२१२ आणि नफा ११,९८८. फिफोने मात्र आधी एप्रिलचे १०० शेअर जातात. त्यांचे आले ५६,०००, गेले होते ४०,०२०, नफा १५,९८०. बारा महिने उलटून गेल्यामुळे हा दीर्घकालीन. उरलेले २० फेब्रुवारीतले: ११,२०० वजा १०,४००, नफा ८०० आणि तो अल्पकालीन. एकूण १६,७८०. म्हणजे सरासरीवाल्याने ४,७९२ रुपयांचा नफा त्या वर्षी कमी दाखवला.

कोणी म्हणेल, शेवटी सगळे शेअर विकल्यावर बेरीज तीच येते. येते, हे मान्य. उरलेल्या ८० शेअर्सची किंमत फिफोने ४१,६०० राहते आणि सरासरीने ३६,८०८, फरक पुन्हा तेच ४,७९२. पण कर दर वर्षाचा वेगळा भरायचा असतो आणि दोन प्रकारच्या नफ्यांवर दर वेगवेगळे आहेत. २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीनवर २० टक्के, तर दीर्घकालीनवर वर्षाच्या सव्वा लाखापलीकडे साडेबारा टक्के. सरासरीच्या एका आकड्यातून ११,९८८ पैकी अल्पकालीन किती हे सांगताच येत नाही, कारण सरासरीला तारीख नसते.

आता स्क्रिप्ट चालवणाऱ्यांनाच जास्त नडणारी गोष्ट. त्याच मे महिन्यात, वरच्या विक्रीच्या आधी एके दिवशी, स्क्रिप्टने सकाळी ५० शेअर ५४५ ला विकले आणि दुपारी त्याच खात्यात ५३८ ला परत घेतले असं धरा. ब्रोकरकडे दिवसाअखेर हे दोन्ही व्यवहार एकमेकांत वळते होतात आणि डीमॅटमधून एकही शेअर हलत नाही. डिलिव्हरी न होता मिटलेला हा व्यवहार कलम ४३(५) प्रमाणे सट्टा व्यवसायात जातो आणि नफा फक्त ३५० रुपये. पण लॉगवर आंधळा फिफो लावणारा कोड सकाळच्या विक्रीला एप्रिल २०२४ चे ४०० रुपयांचे शेअर जोडून मोकळा होतो. ७,२५० रुपयांचा दीर्घकालीन नफा दिसतो, जो झालेलाच नाही. शिवाय जुने ५० शेअर कागदावर संपतात आणि पुढची प्रत्येक विक्री चुकत जाते. म्हणून क्रम असा हवा: आधी त्या दिवसाची त्याच शेअरची खरेदी-विक्री एकमेकांशी जुळवायची आणि उरेल तेवढंच फिफोच्या रांगेत घालायचं. हे करायला प्रत्येक फिलची वेळ आणि नग लागतात, ऑर्डरचा गोषवारा पुरत नाही.

फिलच्या बाबतीत एक अर्धसत्य मात्र मान्य करायला हवं. एका ऑर्डरचे सगळे फिल एकाच दिवशी झाले असतील तर ४०० आणि ४००.५० वेगळे लिहिल्याने करात काही रुपयांचाच फरक पडतो, आणि रिटर्नमध्येही कोणी फिलची यादी मागत नाही. खरी पंचाईत अर्धवट भरलेल्या ऑर्डरमध्ये होते. १०० ची लिमिट ऑर्डर टाकली, ६३ मिळाले, बाजार बंद झाला आणि उरलेले ३७ रद्द झाले. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टने नव्या ऑर्डरने, नव्या भावाला ते ३७ घेतले. ऑर्डर टाकतानाच '१०० घेतले' असं लिहिणाऱ्या लॉगमध्ये या ३७ शेअर्सची तारीखही चुकीची आणि भावही चुकीचा. बारा महिन्यांच्या सीमेवर विक्री झाली तर एका दिवसाने नफ्याचा प्रकार बदलतो. आणि ब्रोकरच्या एपीआयवर ट्रेड बुक बहुधा त्याच दिवसापुरतं मिळतं, त्यामुळे बाजार बंद झाल्यावर त्याच संध्याकाळी ते उतरवून घ्यायला हवं.

लॉगची ओळ एवढी पुरते:

```
trade_no,order_id,demat,isin,side,qty,price,datetime,brokerage,stamp,other,stt
```

पहिला रकाना एक्स्चेंजचा ट्रेड नंबर. कॉन्ट्रॅक्ट नोटवर प्रत्येक ट्रेडसमोर तोच छापलेला असतो, म्हणून लॉग आणि नोट ओळीला ओळ लावून तपासता येतात. शेअरच्या नावाऐवजी आयएसआयएन हा त्याचा ओळख क्रमांक, कारण कंपनी नाव बदलते. आणि डीमॅट खात्याचा रकाना परिपत्रक ७६८ मुळे. दोन ब्रोकरांकडे एकच शेअर असेल तर दोन वेगळ्या रांगा. विक्रीच्या वेळी दुसऱ्या फाइलमध्ये विक्रीचा ट्रेड नंबर, खरेदीचा ट्रेड नंबर आणि जोडलेले नग लिहून ठेवायचे. वरच्या उदाहरणात १२० च्या विक्रीसमोर तीन ओळी येतील: ६०, ४० आणि २०. उद्या नोटीस आली तर उत्तर या तीन ओळींत आहे.

चार्जेसबद्दल थोडक्यात. भांडवली नफा काढताना एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावर लागणारा कर, वजा होत नाही, कलम ४८ मध्येच तसं लिहिलं आहे. सट्टा किंवा व्यवसायाच्या उत्पन्नात मात्र तो खर्च म्हणून चालतो. म्हणूनच लॉगमध्ये त्याचा रकाना वेगळा, इतर खर्चात मिसळलेला नाही. ब्रोकरेज आणि खरेदीवरची स्टॅम्प ड्युटी हिशेबात घेता येते. डिलिव्हरीच्या खरेदीवर ही ड्युटी ०.०१५ टक्के, म्हणजे एप्रिलच्या त्या ४०,०२० वर साधारण सहा रुपये. नोटवर हे आकडे दिवसाचे एकत्र येतात. ते उलाढालीच्या प्रमाणात फिलवर वाटायचे आणि शेवटची बेरीज नोटेशी जुळवून घ्यायची.

ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल उपयोगाचा असतो. नसतो असं मी म्हणणार नाही. तो बहुधा फिफोनेच काढलेला असतो, म्हणजे फिरत्या मेसेजमधल्या दोन गोष्टी एकमेकांनाच छेद देतात. पण ब्रोकरला फक्त त्याच्याकडे घेतलेलंच माहीत असतं. दुसऱ्या डीमॅटमधून शेअर आणले की त्यांची खरेदी किंमत तुम्हालाच भरावी लागते. एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या व्यवहारांच्या वार्षिक विवरणात, विक्रीची रक्कम आणि खरेदी किंमत अनेकदा डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीने अंदाजाने काढलेली असते, आणि चुकलं तर प्रतिसाद नोंदवायची सोय तिथेच दिली आहे. तो प्रतिसाद कशाच्या आधारावर देणार? स्वतःच्या नोंदीच्याच.

वर्षाअखेरीस एक तपासणी न चुकता करावी. लॉगमध्ये न विकलेले जे नग उरतात ते खातेनिहाय ३१ मार्चच्या डिपॉझिटरी स्टेटमेंटशी जुळले पाहिजेत. शेवटच्या दिवशीची खरेदी टी+१ मुळे, म्हणजे शेअर पुढच्या कामाच्या दिवशी जमा होत असल्यामुळे, एप्रिलमध्ये खात्यात दिसेल, पण करासाठी तारीख कॉन्ट्रॅक्ट नोटेचीच, तेवढा फरक धरून चालायचा. त्याउपर नग जुळले नाहीत तर आधी सुटलेले अर्धवट फिल शोधा, मग बोनस आणि स्प्लिट. स्प्लिटमध्ये जुनी तारीख तशीच राहते आणि किंमत नगांत वाटली जाते. बोनसमध्ये तसं होत नाही. एकास एक बोनसनंतर होल्डिंगमधली सरासरी निम्मी दिसते, पण कायद्याच्या हिशेबात मूळ शेअर्सची किंमत पूर्वीचीच राहते, आणि बोनस शेअर्स शून्य किमतीने, वाटपाच्या तारखेला, रांगेच्या शेवटी येऊन उभे राहतात. या नगांचा फिल कधीच होत नाही, म्हणून स्क्रिप्ट त्यांना लिहिणार नाही. ती ओळ हाताने घालावी लागते.