ओठ हलतायत, आवाज नाही: हे कसं साधावं?

काल सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये आम्ही आठ जण एका सहकाऱ्याचे नुसते ओठ बघत बसलो होतो. चोवीस मिनिटं. मध्येच ते हातवारे करत, मध्येच हसत, एकदा तर आम्हाला काहीतरी प्रश्नही विचारला असावा, कारण नंतर बराच वेळ उत्तराची वाट बघत थांबले. लॅपटॉप धडधाकट, इंटरनेट उत्तम, आवाज शून्य. अशी सिद्धी एकट्याकडेच का राहावी? तुम्हालाही ती हवी असेल तर पुढचं नीट वाचा.

मीटिंगच्या आधी माइक तपासू नका. तपासला तर चालायचा धोका असतो.

कीबोर्ड मात्र मीटिंगच्या दहा मिनिटं आधी फडक्याने खसाखसा पुसा. वरच्या ओळीत माइकवर काट मारलेलं चित्र असलेली एक कळ असते. कुठे ती F4 वर असते, कुठे F9 वर, कुठे आणखी कुठे. फडक्याखाली ती हमखास दाबली जाते. मग त्या कळीवर एक बारीकसा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे माइक चालू, असं समजून निश्चिंत व्हा. जगातला बाकीचा प्रत्येक दिवा काहीतरी चालू असल्याचं सांगतो, मग याने वेगळं का सांगावं? पण हा सांगतो. हा बहुतेक लॅपटॉपांवर ‘बंद आहे’ म्हणून लागतो. कुणाचा नारिंगी, कुणाचा लाल, कुणाचा पांढरा, आणि काही कळींना तर दिवाच नाही, म्हणजे तिथे अंदाजच करायचा. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी स्वतः कधी मीटिंगला हजेरी लावली होती का? वर आणखी गंमत अशी की, काही लॅपटॉपांत ही कळ विंडोजला सांगून माइक बंद करते, तेव्हा निदान सेटिंग्जमध्ये काट मारलेली दिसते. काहींत ती खालच्या खालीच आवाज तोडते आणि वर विंडोजला पत्ताही नसतो. सेटिंग्ज उघडाव्यात तर तिथे माइक निवडलेला, आवाजाची पातळी शंभर, सगळं सुखात. माणूस वेडा होतो. व्हायचंच.

लॅपटॉपच्या कडेला सरकती कळ असेल तर ती कॅमेऱ्याचीच, असं गृहीत धरा. काही यंत्रांत माइकचीही असते, आणि ती वीजच तोडत असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तिच्यापुढे लंगडं.

आता दुसरं कुलूप लावू, कारण एकावर भागत नाही. गाणी ऐकायचे साधे हेडफोन लॅपटॉपच्या भोकात खुपसा. प्लगवर दोन काळ्या रेघा असतील तर त्या हेडफोनला माइक नसतो, तीन असतील तर बहुधा असतो. हे मोजायच्या फंदात पडू नका. काही लॅपटॉप विचारतात, ‘काय लावलंत?’ तिथे घाईघाईने ‘हेडसेट’ निवडून मोकळे व्हा. लॅपटॉप बिचारा आज्ञाधारक. तो आतला माइक सोडतो आणि जो माइक अस्तित्वातच नाही त्याच्याकडे कान लावून बसतो.

प्रायव्हसीच्या पानावर जे दिसेल ते बंद करून टाका, आणि केलं होतं हे विसरून जा.

झाकण मिटून मोठ्या स्क्रीनवर काम करा. ॲपलच्या अलीकडच्या लॅपटॉपांत झाकण मिटलं की आतला माइक हार्डवेअरमधूनच तुटतो. हे मुद्दाम केलेलं आहे, तेव्हा सेटिंग्ज कितीही शोधा, वेळ मजेत जाईल.

आता कळसाध्याय. काल आमच्या सहकाऱ्यांची दोन्ही कुलुपं लागलेली होती: कळ दाबलेली, आणि इनपुट माइकच नसलेल्या हेडसेटवर. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं, “अहो, ती माइकची कळ बघा.” त्यांनी दाबली. दिवा विझला. म्हणजे पहिलं कुलूप उघडलं! पण आवाज आला नाही, कारण दुसरं लागलेलंच होतं. यावर त्यांनी काय करावं? “कळीचा दोष नाही,” असा निष्कर्ष काढून ती पुन्हा दाबली. दिवा पुन्हा लागला. आठव्या मिनिटाला दुसऱ्या कुणी सुचवलं, “इनपुट बदलून बघा.” त्यांनी यादीतून Microphone Array, म्हणजे लॅपटॉपचा आतला माइक, निवडला. अगदी बरोबर! पण आता कळीने माइक बंद. आवाज नाही. म्हणून इनपुटही परत हेडसेटवर. दोन्ही उपाय अचूक होते, दोन्ही त्यांनी केले आणि दोन्ही स्वतःच्या हाताने मोडले. मग ड्रायव्हर काढला. लॅपटॉप रीस्टार्ट केला. ड्रायव्हर पुन्हा आला, कळ होती तशीच. शेवटी फोनवरून जोडले गेले. हेडफोन एव्हाना उपटलेले होते, लॅपटॉपचा स्पीकर चालू होता, आणि आमच्या कानात अशी काही किंचाळी घुसली की त्यापुढे मौन बरं होतं.

दुपारी मी त्यांच्या लॅपटॉपजवळ गेलो. दिवा लागलेला. एकदा दाबला. झालं.

एकदा! एका बोटाचं काम होतं हो, आणि नऊ माणसांची सकाळ गेली. आणि तुम्ही हसू नका, गेल्या महिन्यात तुम्हीही “येतोय का आवाज? आता? आता?” करत सहा मिनिटं खाल्लेली मला आठवतात.

आता खरा उपाय. विंडोजच्या Settings मध्ये System, त्यात Sound, त्यात Input. कुठला माइक निवडलाय ते तिथे लिहिलेलं असतं आणि शेजारी एक पट्टी असते. बोला. पट्टी हलत नसेल तर मीटिंगच्या ॲपमध्ये शिरून काही उपयोग नाही, आवाज तिथवर पोचतच नाहीये. आधी लॅपटॉपचा आतला माइक निवडा, तो निवडलेलाच राहू द्या, मग कळ दाबा, पुन्हा बोला. निवड हलवायची नाही, कळ तेवढी हलवायची. एका वेळी एकच गोष्ट. पट्टी हलली की तिथून पुढे त्या दोन्हींना हात लावायचा नाही, मग पलीकडून कुणी काहीही सुचवो.

पट्टी हलतेय आणि तरीही आम्हाला ऐकू येत नाही? मग दोष वर आहे. ॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये माइक वेगळा निवडलेला असतो, विंडोजचं ते ऐकतच नाही. तो बदला. नाहीतर Privacy & security मध्ये Microphone उघडा आणि खाली Let desktop apps access your microphone हा खटका बघा, वरचे दोन चालू ठेवून माणसं हा तिसरा विसरतात. ब्राउझरमधून जोडत असाल तर पत्त्याच्या पट्टीतलं माइकचं चित्र बघा.

हे सगळं मिळून दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी करायचं असतं, अकरा वाजून तीन मिनिटांनी आम्हा आठ जणांच्या देखत नाही. आणि फोनवरून जोडायचीच वेळ आली, तर आधी त्या लॅपटॉपचा स्पीकर बंद करा.