या नावाची व्यक्ती परीक्षेला बसलीच नव्हती

विद्यापीठाच्या खिडकीमागच्या गृहस्थांनी माझी एम.ए.ची पदवी पाहिली, आधार कार्ड पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवून मला पाहिलं आणि अत्यंत शांतपणे सांगितलं, "मॅडम, या नावाची व्यक्ती परीक्षेला बसलीच नव्हती."

मी बसले होते. पंख्याखालची जागा मिळाली नव्हती, हेही मला आठवतंय. पण तो पुरावा धरत नाहीत.

प्रकरण साधं आहे. बी.ए. माहेरच्या नावाने, एम.ए. सासरच्या नावाने, आणि पुढे सासर राहिलं नाही. आधार, पॅन, पासपोर्ट सगळं माहेरच्या नावावर परत आलं. फक्त एम.ए.च्या चार सत्रांच्या चार गुणपत्रिका आणि पदवी मागे, सासरीच राहिली. त्यामुळे जिथे नोकरीला अर्ज करावा तिथे कागद तपासणारी व्यक्ती विचारते, "हे आडनाव वेगळं कसं?" मग मी पिशवीतून कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा काढते. ती व्यक्ती तो पहिल्या पानापासून वाचायला लागते. मी पंख्याकडे बघते. मराठी साहित्य शिकवायच्या जागेसाठी माझ्या घटस्फोटाची कारणं कुणाला का कळावीत, हा प्रश्न मी मनातच विचारते, कारण नोकरी हवी असते.

म्हणून ठरवलं, कागदच बदलून घ्यायचे.

खिडकीवर पहिली गोष्ट कळली ती अशी की नावाचे अर्ज दोन प्रकारचे असतात: दुरुस्ती आणि बदल. विद्यापीठाने किंवा कॉलेजने नाव चुकीचं छापलं असेल तर दुरुस्ती. दहावी-बारावीची गुणपत्रिका दाखवायची, ती आणि पदवी ताडून बघतात, आणि चूक आपली नसेल तर काम बऱ्यापैकी सरळ होतं. नाव बरोबर छापलं होतं आणि नंतर माणसाने ते बदललं, तर तो बदल. तिथून पुढे अंधार.

"छपाईत काही चूक आहे का?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही."

"मग दुरुस्त काय करायचं?" एवढं बोलून ते चहा प्यायला गेले.

चूक असती तर किती बरं झालं असतं! चुका करणाऱ्याला या जगात मान आहे. २०२५च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठाच्या पदव्यांवर इंग्रजीत 'मुंबई'चं 'मुमाबई' झालं होतं. विद्यापीठाने स्वतःचंच नाव चुकवलं. त्या पदव्या जादा पैसे न घेता बदलून देऊ, असं जाहीर झालं. विद्यापीठाला नाव बदलल्याचं राजपत्र आणायला कुणी सांगितलं नाही, आणि मुमाबई नावाचं विद्यापीठ अस्तित्वातच नसल्याने पदवी कुणी दिली, असंही कुणी विचारलं नाही.

चहा होईपर्यंत रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या काकांनी माझी केस हातात घेतली. हे काका नातवाच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावातली वेलांटी दुरुस्त करायला आले होते. काखेत फाईल, फाईलला रंगीत चिठ्ठ्या, खिशात दोन पेनं आणि चेहऱ्यावर निवृत्त माणसाची भूक.

"तुमचं चुकतंय कुठे सांगू?" ते म्हणाले. मी सांगा म्हटलं नव्हतं. "तुम्ही पदवी बदलायला निघालात. आधार किती आहेत तुमच्याकडे?"

"एकच असतं, काका."

"बरोबर. गुणपत्रिका चार, पदवी एक, एकूण पाच. पाच कागद एकाप्रमाणे करायचे की एक कागद पाचांप्रमाणे? आधारवर सासरचं नाव परत घाला. विषय मिटला."

"पण मला ते नाव नकोय."

"नको असतं हो. मलाही पेन्शनमध्ये बऱ्याच गोष्टी नकोत." रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. काकांना जोर आला. "नाही तर दुसरा मार्ग आहे. वाईट वाटून घेऊ नका. आडनाव काय होतं तिकडचं?"

मी सांगितलं. कसं कोण जाणे, सांगितलं.

"अरे वा, हे तर कॉमन आडनाव! आमच्या सोसायटीत एक आहेत. बँकेतून लवकर निवृत्ती घेतली, मुलगा परदेशात, बायको वारली. माणूस निर्व्यसनी. त्यांच्याशी जुळलं तर तुमचे पाचही कागद आपोआप बरोबर होतात. एक अर्ज करावा लागणार नाही."

आता या वाक्यावर मी काय बोलले असते ते मला अजून रात्री सुचतं, आणि दर वेळी जरा अधिक चांगलं सुचतं. पण तेवढ्यात खिडकीतले गृहस्थ चहा संपवून आले होते आणि त्यांनी शेवटचा भाग ऐकला होता. मला वाटलं, आता हे काकांना झापतील.

"नाही काका, तसं चालणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "आडनाव जुळेल. मधलं नाव जुळणार नाही."

काकांनी विचार केला. "म्हणजे मधलंही तेच असणारा बघावा लागेल."

"हो. आणि मधलं नाव इंग्रजीत त्याच स्पेलिंगने लिहिणारा."

दोघांनी सुस्कारा सोडला. एका स्त्रीचं पुनर्वसन केवळ स्पेलिंगमुळे अडलं होतं. तो सुस्कारा मला अजून विसरता येत नाही. चेष्टा असती तर मी हसले असते. पण त्यांनी खरोखर तपासून पाहिलं होतं.

मग मी सर्वोच्च न्यायालय काढलं. जून २०२१ मध्ये सीबीएसईच्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटलं होतं की नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा आणि अभिव्यक्तीचा भाग आहे. परीक्षेचा निकाल लागल्यानंतरही ते बदलून मिळू शकतं. राजपत्र द्या, जुनं प्रमाणपत्र जमा करा, नव्यावर जुन्या नावाची नोंद ठेवा. मी त्याची प्रिंट नेली होती.

"ते बोर्डाचं आहे," गृहस्थ म्हणाले. "हे विद्यापीठ आहे."

पण प्रिंट बघून ते जरा मऊ झाले असावेत, किंवा काकांपासून माझी सुटका करावी असं वाटलं असावं. त्यांनी कागदांची यादी दिली. त्याच वेळी एक गोष्टही सांगितली, जी कुणीतरी मला एम.ए.च्या वर्गातच सांगायला हवी होती. विद्यार्थी शिकत असेपर्यंत नाव बदलणं कॉलेजच्या पातळीवर पुष्कळ सोपं असतं, कारण नोंद अजून उघडी असते. दीक्षान्त समारंभात पदवी दिली गेली की ती नोंद बंद होते. मग कॉलेज, परीक्षा विभाग आणि वरची मंजुरी, असं सगळं पुन्हा उघडावं लागतं. लग्न झाल्यावर मी एम.ए.च्या पहिल्या सत्रातच नाव बदललं होतं, तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला आणि प्राचार्यांची सही एवढ्यावर काम झालं होतं. लग्नात जाताना दार सताड उघडं. बाहेर पडताना मात्र राजपत्र.

तर राजपत्र. महाराष्ट्रात शासन मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करायचा, जुनं नाव, नवं नाव, कारण. ते साप्ताहिक राजपत्रात छापून येतं आणि प्रत उतरवून घेता येते. या प्रतीपुढे बँका, पासपोर्ट, विद्यापीठ सगळे झुकतात. मी मात्र ती नीट वाचली. या सूचनांच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, त्या कागदपत्रं न तपासता केवळ अर्जदाराच्या सांगण्यावरून छापल्या आहेत, असं तिथेच छापलेलं असतं. म्हणजे मी सांगितलेलं शासनाने छापलं, वर आम्हाला विचारू नका म्हणून सांगितलं, आणि आता विद्यापीठ माझ्यावर विश्वास न ठेवता त्या कागदावर ठेवणार.

तोही ठेवला नाही. राजपत्रात माझं जुनं नाव आधारवर पूर्वी होतं तसं आलं होतं: आधी नाव, मग नवरा, मग आडनाव. गुणपत्रिकेत आधी आडनाव, मग मी, मग नवरा, आणि शेवटी आईचं नाव. शिवाय आडनावातला 'व' राजपत्रात इंग्रजी 'व्ही'ने आणि गुणपत्रिकेत 'डब्ल्यू'ने. "ही वेगळी बाई आहे," गृहस्थ म्हणाले. एव्हाना त्यांच्या मते मी तीन बायका झाले होते. तुम्हाला या वाटेने जायचं असेल तर राजपत्राच्या अर्जात जुनं नाव आधारवरून किंवा आठवणीने लिहू नका. गुणपत्रिका समोर ठेवून अक्षरन् अक्षर उतरवा, क्रमासकट. नाही तर माझ्यासारखं, ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं शपथपत्र करत बसावं लागतं. नोटरीने ते न वाचता शिक्का मारला. वाचलं असतं तर त्यांनाही शंका आली असती.

पुढचं सगळं रटाळ आहे. प्राचार्यांचं शिफारसपत्र, प्रत्येक कागदामागे वेगळं शुल्क, आणि मूळ गुणपत्रिका व पदवी जमा करणं. या शेवटच्या पायरीला माझा हात थरथरला. मूळ कागद दिले की नवे येईपर्यंत आपण कुठल्याच नावाने एम.ए. नसतो. नेमकी याच काळात एका कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि मूळ कागद आणा म्हणाले. साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या. जमा केल्याच्या पावतीवर प्रत्येक कागदाचा क्रमांकही आग्रहाने लिहून घेतला होता. पावती बघून तिथल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे सध्या तुमच्याकडे पदवी नाही."

अखेर नवे कागद आले. गुणपत्रिकांवर माझं नाव, पदवीवर माझं नाव, सही आत्ताच्या कुलगुरूंची. मी हरखले. मग नावाखालची बारीक ओळ दिसली: 'पूर्वीचे नाव', आणि पुढे माजी नवऱ्याच्या नावासकट सगळं. नियमाला धरूनच आहे. मूळ नोंदवही बदलत नाहीत, नुसता शेरा मारतात. उद्या कुणी आसनक्रमांकावरून पडताळणी केली तर दोन्ही नावांची सांगड लागायला हवी, हे मलाही पटतं. पण ती सांगड त्यांच्या वहीत राहू शकली असती. पदवीवर माजी नवऱ्याचं नाव आता मूळ प्रतीपेक्षा जास्त ठळक दिसतं, कारण पूर्वी ते माझ्या नावाच्या गर्दीत होतं आणि आता त्याला स्वतंत्र ओळ मिळाली आहे.

डिजिलॉकरमध्ये तर अजून जुनीच पदवी आहे, आणि आधारच्या नावाशी जुळत नाही म्हणून ती उघडतच नाही. विद्यापीठाने नवी नोंद चढवल्याशिवाय ती बदलणार नाही, म्हणून मी संबंधित कक्षाला ईमेल लिहिला. सोबत राजपत्र, शपथपत्र आणि नव्या पदवीची प्रत जोडली. काल उत्तर आलं. सुरुवातीला आदराने माझं सासरचं आडनाव, आणि खाली सूचना: त्यासाठी स्वतंत्र अर्ज करून मूळ पदवीसह समक्ष उपस्थित राहावे.